दूर धावणाऱ्या स्रोताचा प्रकाश: सापेक्षतेचं डॉप्लर सूत्र आणि v/c चं सोपं सूत्र (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दोन सूत्रं नेमकी कोणती?

स्रोत आपल्यापासून थेट दूर जात असेल, त्याचा वेग v असेल आणि β = v/c असेल, तर आपल्यापर्यंत पोचणारी वारंवारता अशी मिळते:

f = f₀ √[(1 − β)/(1 + β)]

तरंगलांबीसाठी हाच अपूर्णांक उलटा करायचा: λ = λ₀ √[(1 + β)/(1 − β)]. तरंगलांबी मूळ लांबीच्या तुलनेत किती वाढली, ते सांगणारा आकडा म्हणजे ताम्रसृती (रेडशिफ्ट): z = (λ − λ₀)/λ₀.

कमी वेगासाठी वापरलं जातं ते सोपं सूत्र म्हणजे Δf/f₀ = −v/c. पूर्ण सूत्राचा विस्तार केला की त्याचा उगम लगेच दिसतो:

f/f₀ = 1 − β + β²/2 − β³/2 + …
λ/λ₀ = 1 + β + β²/2 + β³/2 + …

पहिली दोन पदं ठेवून बाकीची सोडली की सोपं सूत्र तयार. पुढचे जवळजवळ सगळे प्रश्न सोडून दिलेल्या त्या β² च्या पदाभोवती फिरतात. ते पद निव्वळ बारीक दुरुस्ती नाही. त्यामागे एक वेगळी भौतिक घटना आहे आणि ती स्वतंत्रपणे मोजता येते.

β² चं पद येतं कुठून?

तरंगलांबीच्या भाषेत विचार केला तर हे फार स्वच्छ दिसतं, म्हणून आधी तिकडून जाऊ. स्रोत त्याच्या स्वतःच्या घड्याळाप्रमाणे दर T₀ सेकंदांनी एक तरंगशीर्ष सोडतो. तो वेगाने चाललेला असल्यामुळे आपल्या दृष्टीने त्याचं घड्याळ मंद आहे, म्हणजे दोन शीर्षांमधला काळ आपल्या मोजणीत γT₀ होतो. इथे γ = 1/√(1 − β²). तेवढ्या काळात स्रोत vγT₀ इतका आणखी दूर गेलेला असतो, म्हणून दुसऱ्या शीर्षाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही मिळून आपल्याकडे येणाऱ्या शीर्षांमधला काळ γT₀(1 + β) होतो आणि γ(1 + β) म्हणजेच वरचं वर्गमूळ.

यातला (1 + β) हा भाग जुनाच आहे, दूर जाणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीलाही तो लागू होतो. γ हा भाग घड्याळ मंदावण्याचा, आणि कमी वेगाला γ ≈ 1 + β²/2. दोन्ही भाग वेगळे ठेवण्याचा फायदा असा, की स्रोत तिरका जात असला तरी तेच सूत्र चालतं:

λ/λ₀ = γ(1 + β cos θ)

θ हा स्रोताची गती आणि आपल्यापासून दूर जाणारी दृष्टिरेषा यांच्यातला कोन आहे. दिशा बदलली की cos θ बदलतो, γ मात्र तसाच राहतो. स्रोत जवळ येत असो, दूर जात असो की आडवा जात असो, γ नेहमी तरंगलांबी वाढवतोच.

आवाजाच्या बाबतीत स्रोत हलतो की ऐकणारा, यावर सूत्र बदलतं. प्रकाशाचं तसं का होत नाही?

आवाज हवेतून जातो आणि हवेच्या संदर्भाने कोण हलतंय, हे ठरवता येतं. म्हणून हलत्या स्रोतासाठी f₀/(1 + β) आणि हलत्या श्रोत्यासाठी f₀(1 − β), अशी दोन उत्तरं येतात (इथे β म्हणजे ध्वनीच्या वेगाशी गुणोत्तर). प्रकाशाला माध्यम नाही. स्रोत हलतो असं धरलं तर f₀/(1 + β) ला γ ने भागायचं, कारण स्रोताचं घड्याळ मंद. आपण हलतो असं धरलं तर f₀(1 − β) ला γ ने गुणायचं, कारण आता मंद घड्याळ आपलं आहे. दोन्हीकडून √[(1 − β)/(1 + β)] हेच उत्तर येतं. स्वतः करून बघा, चार ओळींचं काम आहे.

सोपं सूत्र वापरलं तर चूक किती होते?

| β | खरं f/f₀ | सोपं (1 − β) | खरी z | सोपी z |
|---|---|---|---|---|
| ०.०१ | ०.९९००५ | ०.९९ | ०.०१००५ | ०.०१ |
| ०.१ | ०.९०४५ | ०.९ | ०.१०५५ | ०.१ |
| ०.२६ | ०.७६६४ | ०.७४ | ०.३०४९ | ०.२६ |
| ०.५ | ०.५७७४ | ०.५ | ०.७३२१ | ०.५ |
| ०.९ | ०.२२९४ | ०.१ | ३.३५८९ | ०.९ |

हा तक्ता वाचताना एक गफलत नेहमी होते. β = ०.१ ला ०.९०४५ आणि ०.९ यांच्यात जेमतेम अर्धा टक्का फरक आहे, म्हणून सोपं सूत्र अर्ध्या टक्क्यापर्यंत अचूक आहे असं वाटतं. पण आपल्याला हवी असते ती वारंवारतेतली सरक. खरी सरक ०.०९५५ आहे आणि सोपी ०.१. हा फरक जवळजवळ पाच टक्के आहे आणि तितकीच चूक काढलेल्या वेगात उतरते. अंदाजासाठी लक्षात ठेवण्यासारखं हे, की वेगातली सापेक्ष चूक सुमारे β/२ असते. एक टक्क्याच्या आत राहायचं तर β साधारण ०.०२ पर्यंत, म्हणजे सुमारे ६,००० किलोमीटर प्रति सेकंदापर्यंतच सोपं सूत्र चालेल.

मग लहान वेगांना सोपं सूत्र बिनधास्त वापरायचं का?

वेग लहान आहे की मोठा, यापेक्षा तुमचं मोजमाप किती बारीक आहे यावर ते ठरतं. सोडून दिलेलं पद वेगाच्या भाषेत v²/2c इतकं असतं.

एनसीईआरटीच्या बारावीच्या जुन्या पुस्तकातलं उदाहरण घ्या: सोडियमची ५८९.० नॅनोमीटरची रेषा ५८९.६ ला दिसली, तर दीर्घिकेचा वेग किती? उत्तर सुमारे ३०६ किलोमीटर प्रति सेकंद. पूर्ण सूत्राने त्यात ०.१६ किलोमीटर प्रति सेकंदाचा फरक पडतो. पण ५८९.६ हा आकडाच एका दशांश स्थळापर्यंत दिलेला आहे आणि ०.०५ नॅनोमीटरची अनिश्चितता म्हणजे तब्बल २५ किलोमीटर प्रति सेकंद. इथे सापेक्षतेचं सूत्र वापरून उत्तरात तीन दशांश लिहिणं निरर्थक आहे.

आता उलट टोक बघा. पृथ्वी सूर्याभोवती सुमारे ३० किलोमीटर प्रति सेकंद वेगाने फिरते, म्हणजे β फक्त ०.०००१. तिथे v²/2c दीड मीटर प्रति सेकंद येतं. ताऱ्याची डुगडुग मोजून त्याभोवतीचे ग्रह शोधणारे आजचे वर्णपटलेखक एक मीटर प्रति सेकंदाच्या आसपासची अचूकता गाठतात आणि पृथ्वीमुळे सूर्य जेमतेम ९ सेंटिमीटर प्रति सेकंद हलतो. त्या कामात हा दीड मीटर सोडून दिला, तर शोधायच्या गोष्टीपेक्षा चूकच मोठी होते.

एकाच मोजमापातून तीन वेगवेगळे वेग का मिळतात?

सोपं सूत्र खरं तर एक नाही, दोन आहेत, म्हणून असं होतं. वारंवारतेवरून v = c(f₀ − f)/f₀ असं काढता येतं, वेग लिहिण्याच्या या प्रथेला रेडिओ संकेत म्हणतात. तरंगलांबीवरून v = c(λ − λ₀)/λ₀ = cz असं काढता येतं, हा प्रकाशीय संकेत. पहिल्या पदापर्यंत दोन्ही सारखे, β² ला मात्र वेगळे.

नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं उदाहरण घेऊ. तिच्या सर्वांत वरच्या पट्ट्यात, १०५० ते १४५० मेगाहर्ट्झमध्ये, हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेषा येते. तिची मूळ वारंवारता १४२०.४०६ मेगाहर्ट्झ. समजा एखाद्या दीर्घिकेत ती १३५० मेगाहर्ट्झला दिसली. रेडिओ संकेताने वेग १४,८६० किलोमीटर प्रति सेकंद, प्रकाशीय संकेताने १५,६३५ आणि सापेक्षतेच्या सूत्राने १५,२२८. पहिल्या दोघांमधला फरक ७७५ किलोमीटर प्रति सेकंद आहे. दीर्घिकेच्या फिरण्यामुळे रेषेला येणारी रुंदी बहुधा काहीशे किलोमीटर प्रति सेकंद असते. त्यामुळे एका यादीतला वेग रेडिओ संकेतात आणि दुसऱ्या यादीतला प्रकाशीय संकेतात असेल, तर एकच दीर्घिका दोन ठिकाणी दिसते, किंवा शेजारच्या दोन दीर्घिका एकमेकींशी संबंध नसलेल्या वाटतात.

पायथनमध्ये तिन्ही आकडे असे तपासता येतात:

```python
import astropy.units as u
f0 = 1420.40575 * u.MHz
f = 1350 * u.MHz
for d in (u.doppler_radio, u.doppler_optical,
          u.doppler_relativistic):
    print(f.to(u.km / u.s, equivalencies=d(f0)))
```

तयार डेटा हाती आला, तर फिट्स फाइलच्या शीर्षकात अक्षाचा प्रकार आधी बघा. `VRAD` म्हणजे रेडिओ संकेत, `VOPT` म्हणजे प्रकाशीय, `VELO` म्हणजे सापेक्षतेच्या सूत्राने काढलेला. मूळ वारंवारता `RESTFRQ` मध्ये असते. यादीत फक्त "वेग" लिहिलेलं असेल आणि संकेत दिलेला नसेल, तर तो आकडा दुसऱ्या यादीशी जोडू नका, मूळ वारंवारता किंवा z शोधून तिथून सुरुवात करा.

खरोखर इतक्या वेगाने जाणारा, पण विश्वाच्या प्रसरणाशी संबंध नसलेला स्रोत आहे का?

आहे, आणि या विषयासाठी त्याच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. गरुड तारकासमूहातली एसएस ४३३ ही जोडतारा प्रणाली आपल्याच आकाशगंगेत, सुमारे १८,००० प्रकाशवर्षांवर आहे. तिच्यातल्या संकुचित ताऱ्याभोवतीच्या चकतीतून एकमेकांच्या विरुद्ध दिशांना वायूचे दोन झोत निघतात. त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ०.२६ पट असतो. झोतांचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलत, म्हणजे परांचन गतीने, साधारण १६२ दिवसांत एक फेरी करतो, त्यामुळे त्यांच्यातल्या हायड्रोजनच्या रेषा वर्णपटावर सतत सरकत राहतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रूस मार्गन आणि सहकाऱ्यांनी या सरकत्या रेषा नोंदवल्या. तेव्हा कुठल्याच ओळखीच्या रेषेशी त्या जुळत नव्हत्या.

परांचनाच्या शंकूचा अक्ष आपल्या दृष्टिरेषेशी सुमारे ७९ अंशांचा कोन करतो आणि झोत त्या अक्षापासून सुमारे २० अंश कललेला असतो. त्यामुळे दूर जाणारा झोत दृष्टिरेषेच्या जास्तीत जास्त जवळ येतो तेव्हा θ = ५९ अंश. त्या वेळी दोन्ही झोतांच्या ताम्रसृती सूत्राप्रमाणे +०.१७४ आणि −०.१०३ येतात. ५९ अंशांचा हा आकडा क्षणभर विसरू आणि फक्त या दोन ताम्रसृतींवरून उलटा हिशोब करू.

दोन्ही झोतांचा वेग सारखा आणि दिशा विरुद्ध, म्हणून 1 + z₁ = γ(1 + β cos θ) आणि 1 + z₂ = γ(1 − β cos θ). दोन्हींची बेरीज अर्धी केली की cos θ निघून जातो:

γ = 1 + (z₁ + z₂)/2

सरासरी ०.०३५५, म्हणजे γ = १.०३५५. त्यावरून β = √(1 − 1/γ²) = ०.२६. आता वजाबाकी अर्धी करा: ०.१३८५ = γβ cos θ, म्हणून β cos θ = ०.१३४ आणि cos θ = ०.५१५. कोन ५९ अंश, जिथून निघालो तिथेच परत आलो. वेग आणि दिशा दोन्ही केवळ दोन रेषांच्या जागांवरून मिळाल्या आणि त्यांतला वेग सर्वस्वी त्या γ मुळे मिळाला.

इथे सोपं सूत्र वापरलं असतं तर काय झालं असतं?

सोप्या सूत्राप्रमाणे विरुद्ध झोतांच्या सरकी समान आणि विरुद्ध असायला हव्यात, सरासरी शून्य. प्रत्यक्षात सरासरी ०.०३६ च्या आसपास येते. सोप्या सूत्राला चिकटून राहिलं, तर सगळी प्रणालीच सुमारे १०,७०० किलोमीटर प्रति सेकंदाने आपल्यापासून पळते आहे, असं म्हणावं लागेल. आकाशगंगेत राहणाऱ्या कुठल्याही ताऱ्याला हा वेग परवडणारा नाही, तो केव्हाच बाहेर फेकला गेला असता. शिवाय त्याच वर्णपटात हायड्रोजनच्या न सरकणाऱ्या रेषाही आहेत आणि त्या आपल्या नेहमीच्या जागेच्या आसपासच दिसतात. प्रणाली कुठेही पळत नाही, हे त्या रेषांवरून कळतं.

सर्वांत बोलका क्षण येतो तो झोत दृष्टिरेषेला काटकोनात असतात तेव्हा. तेव्हा cos θ = ०, दोन्ही रेषा एकमेकींवर येतात. सोपं सूत्र सांगतं की त्या ६,५६३ अँगस्ट्रॉमला, हायड्रोजन-अल्फाच्या मूळ जागी दिसाव्यात. त्या भेटतात सुमारे ६,७९७ ला. हा २३४ अँगस्ट्रॉमचा फरक निव्वळ घड्याळ मंदावल्यामुळे पडतो.

मग पूर्ण वर्गमूळाचं सूत्र वापरलं की झालं, नाही का?

नाही, आणि ही चूक सोप्या सूत्राच्या चुकीपेक्षा जास्त फसवी आहे. वर्गमूळाचं सूत्र फक्त थेट दूर जाणाऱ्या किंवा थेट जवळ येणाऱ्या स्रोतासाठी आहे. एसएस ४३३ च्या z = ०.१७४ ला ते लावलं, तर β = (1.174² − 1)/(1.174² + 1) = ०.१५९. निळ्या बाजूच्या −०.१०३ ला लावलं तर −०.१०८. झोताचा वेग ०.२६ आहे आणि दृष्टिरेषेतला त्याचा भाग ०.१३४. मिळालेले दोन्ही आकडे यांपैकी कशाशीच जुळत नाहीत.

विरुद्ध झोतांना वेगवेगळे वेग मिळाले, ही धोक्याची खूण इथे उघड दिसते. एकच रेषा हाती असेल तर अशी खूण मिळत नाही. म्हणून एका ताम्रसृतीवरून वेग सांगताना गती थेट दृष्टिरेषेत आहे असं धरलेलं आहे, हे लिहिलंच पाहिजे. दोन रेषांची पद्धत वापरताना आणखी एक पथ्य पाळावं लागतं: दोन्ही रेषा एकाच रात्रीच्या वर्णपटातल्या घ्या. परांचनाखेरीज सुमारे सहा दिवसांची एक लहान हेलकावणीही त्यांच्यात असते. आठवड्याच्या अंतराने घेतलेल्या रेषांची सरासरी काढली, तर cos θ पूर्णपणे निघून जात नाही आणि γ चुकतो.

प्रयोगशाळेत हे तपासलं गेलंय का?

हो, आणि युक्ती तीच, दोन्ही दिशांची सरासरी. १९३८ मध्ये हर्बर्ट आइव्ह्ज आणि जी. आर. स्टिलवेल यांनी वेगवान हायड्रोजन कणांच्या झोताचा प्रकाश पुढून आणि आरशाच्या मदतीने मागून असा एकाच वेळी टिपला. दोन्ही सरकलेल्या रेषांचा मध्य मूळ रेषेवर न येता किंचित तांबड्या बाजूला आला, β²/२ च्या अपेक्षेप्रमाणे. काटकोनात बघायचं त्यांनी मुद्दाम टाळलं. कोन थोडा जरी चुकला तर पहिल्या पदाचा मोठा परिणाम लहान परिणामाला गिळून टाकतो. आजचे प्रयोग जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या साठवण-कड्यात, प्रकाशाच्या ०.३३८ पट वेगाच्या लिथियम आयनांवर झाले आहेत. तिथे थेट पुढून आणि थेट मागून लेसर सोडतात. सापेक्षतेप्रमाणे दोन्ही लेसरच्या वारंवारतांचा गुणाकार आयनाच्या स्वतःच्या वारंवारतांच्या गुणाकाराएवढाच यायला हवा, कारण √[(1 − β)/(1 + β)] आणि त्याचा उलटा अपूर्णांक एकमेकांना पूर्ण कापतात. यात वेग माहीत असण्याचीही गरज पडत नाही.

दूरच्या दीर्घिकांच्या z वरून सापेक्षतेच्या सूत्राने वेग काढू का?

काढू नका. १९६३ मध्ये मार्टन श्मिट यांनी थ्रीसी २७३ या क्वेसारची z ०.१५८ मोजली. cz ने ४७,४०० आणि वर्गमूळाच्या सूत्राने सुमारे ४३,७०० किलोमीटर प्रति सेकंद असे आकडे मिळतात. दुसरा जास्त "बरोबर" वाटतो, पण तसं नाही. ही ताम्रसृती मुख्यतः प्रकाश वाटेत असताना अवकाश किती ताणलं गेलं, ते सांगते: 1 + z म्हणजे आताच्या आणि तेव्हाच्या अंतरांचं गुणोत्तर. z = २ ला विशेष सापेक्षतेचं सूत्र ०.८c देतं. प्रसरणाच्या प्रचलित प्रतिमानात मात्र अशा दीर्घिकेचा आताचा दूर जाण्याचा वेग c पेक्षा जास्त येतो आणि त्यात सापेक्षतेचा कुठलाच नियम मोडत नाही. z लहान असताना सगळी सूत्रं एकत्र येतात, म्हणून हा घोटाळा जवळच्या दीर्घिकांमध्ये दिसत नाही. दूरच्या वस्तूसाठी फक्त z लिहा.

पृथ्वीच्या गतीची दुरुस्ती z मधून वजा करायची का?

वजा करायची नाही, भागायची. एकापाठोपाठच्या सरकींमध्ये गुणाकार होतो: (1 + z) = (1 + z₁)(1 + z₂). z = १ ची दीर्घिका आणि तिच्यापासून ३० किलोमीटर प्रति सेकंदाने दूर जाणारी पृथ्वी घेतली, तर २ × १.०००१ = २.०००२, म्हणजे मोजलेली z १.०००२ येईल. बेरीज केली असती तर १.०००१ आली असती. एकाच वस्तूचे जानेवारी आणि जुलैतले वर्णपट बेरीज-वजाबाकीने दुरुस्त केले आणि त्यांत ऋतूप्रमाणे वरखाली होणारी लहान सरक उरली, तर आधी इथेच शंका घ्या. गुणाकाराचा नियम बरोबर आहे याचा ताळा सोपा आहे: β = ०.५ साठी 1 + z = √3. दोनदा गुणलं की ३, म्हणजे z = २ आणि β = ०.८. वेगांच्या सापेक्ष बेरजेनेही (०.५ + ०.५)/(१ + ०.२५) = ०.८ हेच येतं.